5 टक्क्यांनी कमी की 5 टक्के बिंदूंनी?

हापूसवर प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांच्या रिपोर्टमध्ये ही चूक हमखास सापडते. समजा देवगडच्या एका बागेत गेल्या वर्षी कापून बघितलेल्या फळांपैकी 20 टक्के फळांत साका, म्हणजे गरातला स्पंजासारखा खराब भाग, निघाला, यंदा 15 टक्के, आणि लिहिलं काय तर 'साका 5 टक्क्यांनी कमी झाला'. आता वाचणारा 20 चे 5 टक्के काढणार, म्हणजे 1, आणि त्याला वाटणार की यंदा साका 19 टक्के आहे!

दोन टक्केवाऱ्यांची सरळ वजाबाकी केली की उत्तर टक्के बिंदूंत येतं, म्हणजे इथे 5 टक्के बिंदूंची घट. तीच वजाबाकी जुन्या आकड्याने भागली, 5 भागिले 20, तर 25 टक्के घट. दोन्ही बरोबर आहेत, फक्त कुठलं ते लिहायला हवं.

आणि खरी गंमत पुढे आहे, हेच चांगल्या फळांच्या बाजूने मोजलं तर 80 वरून 85, म्हणजे वाढ पुन्हा 5 टक्के बिंदूच, पण टक्क्यांत फक्त 6.25! बाग तीच, फळं तीच, तरी एकीकडे 25 आणि दुसरीकडे सव्वासहा, म्हणून नुसतं '25 टक्के सुधारणा' असं कोणी लिहिलं तर माझा तरी पटकन विश्वास बसत नाही, कशाच्या 25 टक्के ते आधी विचारावं.

मी तरी वाक्य असं लिहायला सांगते: 'साक्याचं प्रमाण 20 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आलं, म्हणजे 5 टक्के बिंदूंनी घटलं.' दोन्ही मूळ आकडे समोर असले की बाकीचा हिशोब ज्याचा तो करतो. झाडामागे किलो किंवा पेटीचा भाव असेल तर हा घोळच नाही, तिथे टक्के बिनधास्त लिहा.