लग्न पुण्यात, रिसेप्शन नागपुरात: या चुका टाळा

माझ्या धाकट्या दिराचं लग्न पुण्याला झालं, मुलीच्या माहेरी. नागपूर, उमरेड, वर्धा, भंडारा इथल्या म्हाताऱ्या मंडळींना रात्रभराचा गाडीचा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून आठ दिवसांनी नागपुरात दुसरं रिसेप्शन ठेवलं. वर्धा रोडवरचं लॉन, फुलांचा स्टेज, दोन सिंहासनं, संध्याकाळी साडेसातची वेळ. पुण्यात जे झालं तेच थोडक्यात इथे. कार्यक्रम नीट पार पडला असं आम्हाला वाटलं. दुसऱ्या दिवशी उमरेडच्या आत्याबाईंचा फोन आला, "इतक्या दूरून आली मी, पण सुनेशी दोन शब्द नाही बोलता आले. फोटो काढला अन् उतरली खाली." तेव्हा कळलं की आम्ही नक्की कुठे चुकलो.

चूक पहिली: स्टेज आणि रांग

हिशोब मांडून बघा. आमच्याकडे २४० माणसं होती, म्हणजे साधारण ८० कुटुंबं. एका कुटुंबाला स्टेजवर चढायला, पाकीट द्यायला, फोटोसाठी उभं राहायला आणि उतरायला दीड मिनिट तरी लागतं. ८० कुटुंबांचे दोन तास झाले. या दोन तासांत नवरीने ८० वेळा नमस्कार केला आणि एकाही माणसाचं नाव तिच्या लक्षात राहिलं नाही. साडेनऊला रांग संपली तेव्हा बाहेरगावची मंडळी जेवून गाडीत बसली होती. नवरा-नवरी जेवायला बसले ते रिकाम्या खुर्च्यांसमोर.

मुलीकडच्या रिसेप्शनला हे चालून जातं, कारण सगळ्यांनी सकाळी लग्न पाहिलेलं असतं. नागपूरचे पाहुणे मात्र सून कशी आहे, कशी बोलते, आपल्याला काय म्हणून हाक मारणार, हे बघायला येतात. म्हणून दोन वर्षांनी पुतण्याच्या वेळी आम्ही उलटं केलं. पाहुणे जागेवर बसले आणि जोडपं त्यांच्याकडे गेलं.

आठ-आठ जणांची २० टेबलं मांडली आणि घराण्याच्या फांद्यांप्रमाणे माणसं बसवली. थोरल्या आजोबांची पाती एका बाजूला, आजीच्या माहेरचे दुसऱ्या बाजूला, मग मामेमंडळी. प्रत्येक टेबलाला सहा मिनिटं, म्हणजे इथेही दोनच तास. फरक इतकाच की प्रत्येक टेबलावर जोडपं खुर्ची ओढून बसलं. नणंद सोबत होती. टेबलाशी पोचायच्या आधी ती कानात सांगायची, "या भंडाऱ्याच्या काकू, बाबांना यांनीच लहानपणी सांभाळलंय." मग सुनेचा पहिला प्रश्नच तिथून सुरू व्हायचा आणि काकूंचा चेहरा फुलायचा.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नवरा-नवरीसाठी वेगळ्या सजवलेल्या खुर्च्या ठेवल्या की लोक आपोआप त्यांच्यासमोर रांग लावतात, म्हणून त्या ठेवूच नका. लॉनच्या पॅकेजमध्ये स्टेज येत असेल, तर शेवटी पातीप्रमाणे गट करून तिथे फोटो घ्या. आमचे सहा गटांचे फोटो वीस मिनिटांत झाले. दुसरं, एखाद्या टेबलावर गप्पा रंगल्या की वेळ हातातून जातो. तिथून जोडप्याला उठवायचं काम नणंदेला किंवा दिराला आधीच देऊन ठेवा, नवरीला स्वतःहून उठायला अवघड जातं.

चूक दुसरी: पुण्याचीच यादी

२४० मधले कितीतरी जण पुण्याला येऊन गेले होते. त्यांना पुन्हा तोच स्टेज, पुन्हा पाकीट. पुतण्याच्या वेळी पुण्याला आलेली माणसं आणि ऑफिसची ओळखीपाळखीची मंडळी वगळली, तेव्हा आकडा १६० वर आला. २० टेबलांचं गणित त्यामुळेच बसलं. येऊन गेलेल्यांपैकी फक्त ज्यांच्यावर काम सोपवायचं होतं त्यांना बोलावलं, तेही फोन करून, कारण स्पष्ट सांगून. पत्रिकेत "कृपया आहेर आणू नये" हे ठळक छापा, नाहीतर दोनदा आहेर करावा लागतो की काय या काळजीत लोक राहतात.

चूक तिसरी: लग्न पुन्हा लावणं

आजीला अक्षता टाकता आल्या नाहीत ही खंत खरी असते. त्यावर काही जण अंतरपाट धरून मंगलाष्टकं पुन्हा म्हणायला लावतात. मला हे पटत नाही. लग्न लागलं ते पुण्यात. इथे पुन्हा अंतरपाट धरला की ज्यांनी तिथे डोळे पुसत अक्षता टाकल्या, त्यांचा क्षण हलका होतो. आम्ही दारातच वाटीत अक्षता दिल्या. जोडपं आत आल्यावर आजीने औक्षण केलं, सगळ्यांनी आशीर्वाद म्हणून अक्षता टाकल्या, आणि घरच्या बायकांनी सुनेची ओटी भरली. वीस मिनिटं लागली, आणि आजी दिवसभर तेच सांगत होती.

लग्नाचा व्हिडिओ दाखवायचा तर आठ-दहा मिनिटांचा करा: अक्षता, सप्तपदी, पाठवणी. दिराच्या वेळी पाऊण तासाचा लावला होता, तर लोक पडद्याकडे बघत बसले आणि समोरच्या सुनेकडे पाठ झाली.

वेळ आणि ताट

हिवाळ्यात नागपूरच्या लॉनवर रात्री चांगलीच थंडी पडते, आणि ज्यांच्यासाठी हा घाट घातला ती मंडळी शाल गुंडाळून साडेआठलाच उठतात. मे महिन्यात दुपारचा विचारही करू नका. फेब्रुवारीत आम्ही साडेदहा ते तीन ठेवलं. बाहेरगावचे उजेडात घरी पोचले. स्वागत समारंभाला मुहूर्त लागत नाही, तेव्हा बिनमुहूर्ताचा दिवस धरलात तर लॉन सहज मिळतं. फक्त पुण्याहून आल्यावर जोडप्याला मधे दोन दिवस तरी विश्रांती मिळू द्या.

पुण्यात पनीर आणि चाटचे काउंटर होते. ते इथे पुन्हा मांडण्यापेक्षा घरचं वऱ्हाडी ताट वाढा: वडाभात, पाटवडी रस्सा, कढी, पुडाची वडी, शेवटी संत्रा बर्फी. पुडाच्या वडीला भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर लागते, त्यामुळे ती थंडीतच करा. आचाऱ्याला दोन गोष्टी बजावून सांगा. पाटवडी रश्श्यात आधी टाकून ठेवली की ती रस्सा पिऊन फुगते आणि वाढेपर्यंत फुटते. वड्या वेगळ्या ठेवून ताटात टाकायच्या आणि वरून उकळता रस्सा घालायचा. माणशी तीन धरल्या तर १६० जणांना ४८० लागतात, आम्ही ५२० केल्या आणि पुरल्या. वडाभाताचा भात, वडे आणि फोडणीचं तेल शेवटपर्यंत वेगवेगळं ठेवायचं, नाहीतर वडे मऊ पडतात. सुनेच्या माहेरची चार-सहा माणसं आली असतील तर त्यांच्यासाठी रश्श्याचं एक कमी तिखट भांडं वेगळं काढा. आमच्या विहीणबाईंनी पहिल्याच घासाला पाणी मागितलं, तेव्हा ते भांडं कामी आलं.

आणि नवरा-नवरीला पहिल्या फेरीतच जेवायला बसवा, आजीच्या शेजारी. टेबलांची फेरी त्यानंतर. पुतण्याच्या वेळी आजीने सुनेच्या ताटात स्वतःच्या हाताने बर्फी वाढली आणि विचारलं, "तुमच्याकडे कढीत गूळ टाकतात का गं?" त्यावरून दोघींचं जे बोलणं सुरू झालं, ते नणंदेला हात धरून थांबवावं लागलं.