गुजराती शेजाऱ्यांकडे जेवून आल्यावर चार ओळी त्यांच्याच भाषेत

ठाण्यात एकाच मजल्यावर मराठी आणि गुजराती घरं असली की जेवणाची आमंत्रणं होतातच. दुसऱ्या दिवशी गुजरातीत निरोप पाठवायचा असेल, तर आधी तो मराठीत, आपण बोलतो तसा लिहून काढा. ‘आपल्या आदरातिथ्याबद्दल मनःपूर्वक आभार’ असं मराठीत लिहिलंत, तर गुजरातीतही ते सोसायटीच्या नोटिशीसारखंच उतरणार. त्यापेक्षा हे बरं:

‘मावशी, काल तुमच्याकडे जेवायला खूप मजा आली. वेढमी तर अशी होती की पोट भरलं, मन नाही भरलं. आजींना नमस्कार सांगा. आता तुम्ही सगळ्यांनी आमच्याकडे जेवायला यायचं.’

वेढमी म्हणजे त्यांची पुरणपोळी, बहुतेक घरांत तूरडाळीच्या पुरणाची. पदार्थाचं नाव त्यांच्या तोंडचंच घ्या. ‘जेवण छान होतं’ हे कुणीही लिहितं, नाव घेतलं की तुम्ही चवीनं जेवलात हे कळतं.

आता गुजराती:

‘जय श्री कृष्ण मासी! गई काले तमारे त्यां जमवानी बहु मजा आवी. वेढमी तो एवी हती के पेट भरायुं, पण मन न भरायुं. बाने प्रणाम कहेजो. हवे तमारे बधाए अमारे त्यां जमवा आववानुं छे.’

यात मराठी माणूस हमखास अडखळतो तो ‘काले’पाशी. गुजरातीत नुसतं ‘काले’ म्हणजे काल किंवा उद्या, काहीही. म्हणून झालेल्या दिवसाला ‘गई काले’ लिहायचं. संबोधनात ‘तमे’च ठेवा. ‘आप’ लिहिलंत की अंतर पडतं, आणि वयानं मोठ्या बाईंना ‘तुं’ म्हणण्याचा प्रश्नच नाही. पदार्थ बदललात तर क्रियापदही बदलेल: वेढमी किंवा कढी ‘हती’, पण ऊंधियुं ‘हतुं’ आणि लाडवो ‘हतो’. सुरुवातीचं ‘जय श्री कृष्ण’ वैष्णव घरांत शोभतं, जैन घरात ‘जय जिनेन्द्र’ लिहा. नक्की माहीत नसेल तर सरळ ‘मासी’पासून सुरू करा.

‘आभार’ हा शब्द मी मुद्दाम घेतला नाही. चूक नाही त्यात, पण जवळच्या माणसांत तो जरा परकाच वाटतो. लिहिलातच तर ‘आमां आभार शेनो?’ असं उत्तर येईल, म्हणजे ‘यात आभार कसले?’

पाठवण्याआधी एखाद्या गुजराती मित्राला मोठ्यानं वाचून दाखवा. तो जिथे थांबेल ते वाक्य आखूड करा. मासी देवनागरी सहज वाचत असतील, पण बांनीही वाचावं असं वाटत असेल तर फोनच्या कीबोर्डमध्ये गुजराती लिपी जोडून घ्या. अक्षरं ओळखीची वाटतील, फक्त वरची रेघ नसते.

निघताना मासींनी डबा भरून दिला असेल तर फोन राहू द्या. हेच कागदावर लिहा आणि डबा परत देताना त्यात घरचं काहीतरी घालून चिठ्ठी वर ठेवा.