प्रश्नावली शिकवायची असेल तर आधी बिघडलेली प्रश्नावली भरायला द्या

सर्वेक्षणाची प्रश्नावली शिकवताना पहिली काही वर्षं मी नियमांपासून सुरुवात करायचो. सूचक प्रश्न नकोत, एका प्रश्नात दोन गोष्टी नकोत, मोजपट्टी सुटसुटीत हवी. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत नीट लिहायची आणि प्रकल्पाच्या प्रश्नावलीत नेमक्या त्याच चुका करायची. स्वतः लिहिलेल्या प्रश्नात आपल्याला काय विचारायचंय ते आपल्याला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे तो कितीदा वाचला तरी दोष डोळ्यांत भरत नाही. तो कळतो उत्तर देणाऱ्याला बोलतं केल्यावर. म्हणून पदवीच्या वर्गाला मी आता मुद्दाम बिघडवलेली प्रश्नावली आधी भरायला देतो. याला दोन तासिका लागतात.

पहिली पायरी: प्रश्नावली तयार करा

विषय सगळ्यांच्या अनुभवातला घ्या. कॉलेजचं ग्रंथालय चांगलं, कारण काही जण तिथे रोज बसतात आणि काहींनी आतून पाहिलेलंही नसतं. हा फरक पुढे कामी येतो. मी चारच प्रश्न ठेवतो:

1. ग्रंथालयातली शांतता आणि प्रकाश यांबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? (1 ते 5)
2. ग्रंथालयातल्या वायफायमुळे तुमचा अभ्यास सुधारला का? (हो / नाही)
3. तुम्ही ग्रंथालयात किती वेळा जाता? (कधीच नाही / क्वचित / अधूनमधून / बऱ्याचदा / नियमित)
4. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवावं का? (हो / नाही / सांगता येत नाही)

चौथ्या प्रश्नाचे दोन नमुने काढायचे. ‘अ’ नमुन्यात वरचं साधं वाक्य. ‘ब’ नमुन्यात तेच, पण आधी कारण आणि शेवटी शेपूट जोडून: ‘परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांची होणारी गैरसोय पाहता ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवायलाच हवं ना?’ दोन्ही नमुने एकाआड एक रचून गठ्ठा वाटा. डावीकडच्या बाकांना ‘अ’ आणि उजवीकडच्यांना ‘ब’ असं करू नका. मित्र शेजारी-शेजारी बसतात आणि त्यांची मतंही जुळतात.

दुसरी पायरी: आकड्यामागचं बोलणं ऐका

भरून झाल्यावर जोड्या करा. एकाने दुसऱ्याला एवढंच विचारायचं: ‘हे उत्तर का निवडलंस?’ प्रश्न समजावून सांगायला मात्र सक्त मनाई. प्रत्यक्ष सर्वेक्षणात ‘मला असं म्हणायचं होतं’ हे सांगायला आपण हजर नसतो.

पहिल्या प्रश्नाला ‘3’ लिहिणाऱ्यांचे हात वर करायला सांगा. एका वर्षी तिघांची कारणं फळ्यावर लिहिली होती. एकीला प्रकाश उत्तम वाटत होता, पण आवाजाने ती वैतागली होती, म्हणून मधला आकडा. दुसऱ्याला दोन्ही ठीकठाक वाटत होतं. तिसरा कधी गेलाच नव्हता, पण रिकामं कसं सोडायचं म्हणून मध्ये खूण केली. चौथ्याने ‘1’ लिहिलं होतं. त्याच्या लेखी एक म्हणजे पहिला नंबर, अर्थात सगळ्यात छान! फळ्यावरचे ते तीन ‘3’ आणि एक ‘1’ पाहून सरासरी काढायची कुणाची हिंमत झाली नाही.

तिसरी पायरी: जोडप्रश्न फोडा

‘आणि’ दिसला की प्रश्न फोडायचा, हे मुलं लगेच शिकतात, आणि इथेच फसतात. दुसऱ्या प्रश्नात ‘आणि’ नाही, तरी त्यात तीन प्रश्न दडलेत: तुम्ही तिथलं वायफाय वापरता का? तुमचा अभ्यास सुधारला का? सुधारला असेल तर तो वायफायमुळेच का? ज्याने ‘नाही’ लिहिलं त्याने यातलं नेमकं काय नाकारलं, ते कळायला मार्ग नाही. शब्द शोधण्यापेक्षा ही कसोटी बरी: एकाच माणसाला प्रश्नाच्या अर्ध्या भागाला ‘हो’ आणि उरलेल्याला ‘नाही’ म्हणता येईल का? येत असेल तर प्रश्न फोडा. ‘मुळे’, ‘म्हणून’, ‘साठी’ हे शब्द इथे विशेष संशयित.

फोडताना क्रमही लावावा लागतो. आधी ‘गेल्या 7 दिवसांत तुम्ही ग्रंथालयातलं वायफाय वापरलं का?’ ज्यांचं उत्तर ‘नाही’, त्यांना पुढच्या प्रश्नांतून सूट. ‘मुळे’चा भाग मी सरळ काढून टाकायला लावतो, अभ्यास कशामुळे सुधारला हे माणसाला स्वतःलाच धड सांगता येत नाही, एका खुणेतून ते आपल्याला काय कळणार?

चौथी पायरी: ‘अ’ आणि ‘ब’ची मोजणी

आता चौथ्या प्रश्नाची उत्तरं मोजा. ‘ब’मध्ये ‘हो’ जास्त येतील असा अंदाज असतो, पण खात्री देऊ नका. 40 जणांच्या वर्गात प्रत्येक नमुना 20 जणांकडे जातो आणि एक माणूस म्हणजे 5 टक्के. एवढ्या लहान गटांत साधारण 30 टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. हेही वर्गात सांगून टाकावं.

मोठ्या पाहणीतलं उदाहरण म्हणून मी अमेरिकन जनमत संशोधक डोनाल्ड रग यांनी 1941 मध्ये मांडलेली तुलना सांगतो. लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांना परवानगी द्यावी का, असं विचारल्यावर 62 टक्के अमेरिकन ‘देऊ नये’ म्हणाले. तशाच दुसऱ्या गटाला अशा भाषणांवर बंदी घालावी का, असं विचारलं तेव्हा ‘घालावी’ म्हणणारे 46 टक्केच निघाले. यातल्या कुठल्याच वाक्यात उघड ढकलाढकली नव्हती, ‘बंदी’ हा शब्दच कानाला कडक लागतो. आपल्या ‘ब’ नमुन्यात तर ‘गैरसोय’ आहे, ‘ठेवायलाच’मधला ‘च’ आहे आणि शेवटी ‘ना’ आहे. मराठीत हा ‘ना’ लावला की समोरच्याला नकार देणं जवळजवळ उद्धटपणाचं वाटतं. म्हणून प्रश्न मोठ्याने वाचून पाहा. ‘च’, ‘ना’, ‘तरी’ कानाला चटकन सापडतात.

पाचवी पायरी: मोजपट्टी दुरुस्त करा

तिसऱ्या प्रश्नातल्या ‘नियमित’चा अर्थ विचारा. कुणाला रोज, कुणाला दर शनिवारी, कुणाला दर परीक्षेआधी. मोजता येण्याजोग्या गोष्टीला विशेषण लावूच नये: ‘गेल्या 7 दिवसांत किती दिवस गेलात?’ आणि उत्तर 0 ते 7. परीक्षेचा आठवडा असेल तर आकडा फुगेल, तेव्हा पाहणीची तारीख नोंदवा.

समाधान असं मोजता येत नाही, तिथे पट्टी लागतेच. पण प्रत्येक आकड्याला शब्द द्या: अजिबात समाधानी नाही, फारसं नाही, थोडंफार, बरंच, पूर्णपणे. ‘अनुभव नाही’ हा पर्याय पट्टीच्या बाहेर, वेगळ्या चौकटीत ठेवा, नाहीतर न गेलेला मुलगा पुन्हा मधल्या घरात जाऊन बसेल. आणि पट्टीची दिशा पूर्ण प्रश्नावलीत एकच. लक्ष देऊन भरतात का हे तपासायला मध्येच ती उलटी करण्याची हौस काहींना असते. पदवीच्या प्रकल्पात त्यातून गोंधळच हाती येतो.

सहावी पायरी: वर्गाबाहेरची पाच माणसं

दुरुस्त प्रश्नावली प्रत्येक गटाने वर्गाबाहेरच्या पाच जणांकडून भरून घ्यायची. भरताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं आणि ते जिथे अडखळतील तिथे खूण करायची. गुण देताना मी अंतिम प्रश्नावलीपेक्षा बदलांचा तक्ता बघतो: जुना प्रश्न, उत्तर देणारा काय बोलला, नवा प्रश्न. मधला रकाना रिकामा असेल तर तो गट पुन्हा पाच माणसं शोधायला निघतो.