दोन एमबीचा सेटअप आणि चाळीस टक्क्यांवरचं अडकणं: या चुका टाळा

डाउनलोडच्या पानावर दोन फाइली असल्या की नवशिका हमखास लहान फाइल उचलतो. दोन-चार एमबी म्हणजे पटकन उतरेल, हा त्याचा हिशोब. पण त्या फाइलमध्ये सॉफ्टवेअर नसतंच. तो नुसता वेब सेटअप असतो: ती फाइल सर्व्हरला विचारते, लागणारे भाग टेम्प फोल्डरमध्ये उतरवते आणि मग इन्स्टॉल करते. म्हणजे खरं डाउनलोड डबल क्लिकनंतर सुरू होतं, तेही ब्राउझरच्या नजरेआड. तिथे ना पॉझचं बटण, ना वेग दिसत.

हीच सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी एका ओळखीच्यांच्या घरी प्रत्यक्ष निस्तरली आहे. स्कॅनरचं सॉफ्टवेअर टाकायचं होतं. सेटअप चार एमबीचा, आत उतरणारा माल ३८० एमबीचा. लाइन साधारण १ एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला जेमतेम १२५ केबी. पूर्ण उतरायला पन्नास मिनिटं हवीत, आणि ती लाइन दर वीसेक मिनिटांनी तुटत होती. वीस मिनिटांत १५० एमबी येतात, म्हणजे चाळीस टक्के. त्यांचा सेटअप पाचही वेळा चाळिशीच्या आसपासच मेला होता, कारण प्रत्येक अपयशानंतर तो टेम्पमधलं उतरलेलं पुसून पुन्हा शून्यापासून सुरू करत होता. साडेसातशे एमबी डेटा जळाला, म्हणजे मूळ फाइलच्या जवळजवळ दुप्पट, आणि हाती काही नाही. त्यांना वाटलं विंडोज बिघडलंय. फॉरमॅट मारायची तयारी चालली होती! विंडोजचा काडीचा दोष नव्हता. लाइन टिकते त्यापेक्षा डाउनलोडला जास्त वेळ लागत असेल, तर असा सेटअप शंभर वेळा चालवूनही पुरा होणार नाही.

काही वेब सेटअप तुटल्या जागेपासून पुढे उतरवतात, हे खरं. पण तुमचा त्यातला आहे का, हे चालवून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि मी तो जुगार खेळत नाही. सरळ ऑफलाइन इन्स्टॉलर शोधतो, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर आतच असलेली मोठी फाइल. कुठे त्याला स्टँडअलोन म्हणतात, कुठे फुल पॅकेज. डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ चंच बघा: `ndp48-web.exe` दीडेक एमबीची आहे, तर `ndp48-x86-x64-allos-enu.exe` शंभर एमबीच्या वर. मला दुसरी हवी असते. वेब सेटअप फक्त गरजेचे भाग आणतो, त्यामुळे एकूण डेटा थोडा वाचू शकतो. चांगल्या लाइनवर त्याला माझी हरकत नाही.

मोठी फाइल मी कमांड प्रॉम्प्टमध्ये curl या साधनाने अशी उतरवतो:

```
curl.exe -L -C - -o setup.exe "फाइलची लिंक"
```

लाइन तुटली की तीच आज्ञा पुन्हा द्यायची. `-C -` मुळे फाइल जिथे थांबली तिथून पुढे येते. त्या स्कॅनरची फाइल अशी तीन हप्त्यांत उतरली. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून हे साधन आतच असतं. पॉवरशेलमध्ये `.exe` लिहायला विसरू नका, नाहीतर तिथल्या जुन्या आवृत्तीत `curl` या नावाने वेगळीच आज्ञा चालते. सर्व्हरला तुकड्यांनी फाइल देणं जमत नसेल तर curl तसा एरर देतो. मग फाइल चांगल्या लाइनवर उतरवून पेनड्राइव्हने आणणं हाच माझा मार्ग.

हप्त्यांनी उतरवलेली फाइल तपासल्याशिवाय चालवू नका. मध्येच सर्व्हरवर नवी आवृत्ती आली तर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी जोडलेली फाइल हाती येते.

```
certutil -hashfile setup.exe SHA256
```

ही आज्ञा फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा आकडा, दाखवते. तो कंपनीने दिलेल्या आकड्याशी जुळवा. कंपनीने आकडा दिलेला नसेल तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर वैध आहे का ते बघा.

टक्का हलत नाही म्हणून लगेच कॅन्सल दाबणं, ही अधीर माणसांची खोड. आधी टास्क मॅनेजरमध्ये सेटअपसमोरचा नेटवर्क आणि डिस्कचा आकडा पाहा. दोन्ही दहा मिनिटं शून्यावर असतील तरच थांबवा.

पहिला सेटअप मागे जिवंत असताना दुसरा सुरू करू नका.

जपून ठेवायला म्हणून लहान सेटअप पेनड्राइव्हवर ठेवणं निरर्थक आहे. दोन वर्षांनी सर्व्हर बंद असेल तर त्या फाइलचा काही उपयोग नाही.

ऑफलाइन फाइललाही पथ्यं आहेत. ३२ की ६४ बिट ते आधी बघा, आणि इन्स्टॉल झाल्यावर अपडेट करा, कारण साठवलेली आवृत्ती जुनी असते. इंटरनेट नसलेल्या विंडोज ७ वर डॉट नेट ४.८ ची पूर्ण फाइलही प्रमाणपत्राच्या साखळीचा एरर देऊन थांबू शकते. तिथे फाइल पुन्हा उतरवत बसू नका. मायक्रोसॉफ्टचं २०११ चं रूट प्रमाणपत्र त्या मशीनवर टाकलं की तीच फाइल चालते.