‘सारखा’ दिसला की उपमा, नाही तर रूपक? निसर्गकविता वाचताना या चुका टाळा

अलंकार ओळखला की काम झालं, असं समजून बरेच वाचक थांबतात. पण कवितेत खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो: बोलणाऱ्याने ‘सारखी’ म्हटलं की ‘आहे’ म्हटलं, त्याने भावनेत काय बदललं? त्यासाठी मी चार ओळी रचल्या आहेत.

दरीवर धुके पसरे दुलईपरी,
मी उभा काठाशी, पाय ओले दवात.
सूर्य चढला, धुके विरले, आणि दरी
उघडी जखम एक, उन्हाच्या हातात.

पहिली चूक शब्द मोजण्याची. ‘परी’, ‘सम’, ‘प्रमाणे’ दिसले की उपमा, हे बहुतेक वेळा बरोबर ठरतं. पण ‘सारखा’ फसवतो. ‘पाऊस सारखा कोसळतो’ यात तुलना नाहीच, तिथे ‘सारखा’ म्हणजे सतत. तपासायला सोपं आहे: कशासारखा, असं विचारा. उत्तरात दुसरी वस्तू सापडली नाही, तर उपमा नाही. ‘जणू’ आला तर मात्र थांबा, कारण ती बहुधा उत्प्रेक्षा असते. ‘धुके जणू दुलईच’ म्हणणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं, पण क्षणभर त्याला तसं मानावंसं वाटतं.

दुसरी चूक जास्त नुकसान करते. उपमानाचे सगळे गुण उपमेयाला चिकटवायचे. दुलई म्हटल्याबरोबर वाचक लिहितो, ‘कवीला उबदार आणि सुरक्षित वाटते आहे.’ ओळ पुन्हा वाचा. दोघांमधला समान गुण कवितेने स्वतः सांगितला आहे: पसरणं. ऊब आपण घरून आणली. ती आणायला हरकत नाही, पण पुढच्या ओळीला विचारून. तिथे पाय दवात भिजले आहेत. म्हणजे दुलई आहे ती दरीवर, बोलणारा तिच्याबाहेर उभा आहे. ‘परी’ने जे अंतर ठेवलं, तेच इथे भावना झालं आहे: ऊब दिसते, पण आपल्याला मिळत नाही. उपमेत दोन्ही वस्तू वेगळ्या राहतात आणि बोलणारा त्यांच्याकडे बघत असतो. त्या बघण्यात कधी शांतपणा असतो, कधी इथल्यासारखी हुरहुर.

आता शेवटची ओळ. ‘दरी उघडी जखम’. मध्ये साधर्म्याचा शब्द नाही, समान गुणही सांगितलेला नाही. दरीच जखम झाली, हे रूपक. त्यामुळे जखमेबरोबर जे जे येतं ते आत शिरतं: वेदना, झाकून ठेवण्याची गरज, कुणीतरी घाव घातल्याची शंका. बोलणारा आता तुलना करत नाही, त्याला दुसरं काही दिसतच नाही. शिवाय ही ओळ मागे जाऊन दुलईचाही अर्थ बदलते. धुकं नुसतं पसरलं नव्हतं, त्याने काहीतरी झाकलं होतं.

शंका असेल तर अदलाबदल करून पाहा. मला याहून खात्रीची चाचणी माहीत नाही. ‘दरी उघड्या जखमेसारखी’ असं वाचा. लगेच डोळ्यांसमोर आकार येतो, लांब चीर, लाल माती. दुखणं मागे पडतं. आणि ‘धुक्याची दुलई पसरली’ असं करा. मग ऊब खरीच होते, ओले पाय खटकतात, आणि तुलनेकडून एकरूपतेकडे जाणारा प्रवास नाहीसा होतो.

या प्रवासामुळेच वाचक तिसऱ्या चुकीकडे वळतो: रूपक नेहमीच तीव्र आणि उपमा फिकी, असा नियम बनवणं. ‘डोंगराचा पायथा’, ‘नदीचे मुख’ हीसुद्धा मुळात रूपकंच आहेत, पण वापरून इतकी गुळगुळीत झाली आहेत की त्यात कुणाला पाय किंवा तोंड दिसत नाही. नवी, नेमकी उपमा त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त बोचते.

‘उन्हाच्या हातात’ इथे मात्र घाईने निकाल देऊ नका. ऊन हे माणूस झालं आहे, एवढं नक्की. पण हा हात जखम उघडी पाडणारा की तिच्यावर उपचार करणारा? ‘उघडी’ हा शब्द पहिल्या बाजूला झुकतो, ‘हातात’ हा शब्द दुसरी शक्यता जिवंत ठेवतो. उत्तर लिहिताना दोन्ही नोंदवा आणि कोणता शब्द कुठे ओढतो ते सांगा. ‘येथे रूपक अलंकार असल्याने काव्याचे सौंदर्य वाढले आहे’ हे वाक्य कुठल्याही कवितेला चालतं, म्हणून ते या कवितेबद्दल काहीच सांगत नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल: ‘धुक्यासाठी उपमा वापरल्याने बोलणारा उबेपासून दूर राहतो, दरीसाठी रूपक येताच ते अंतर संपते आणि दरीचे दुखणे त्याचे होते.’