कोटाचा नंबर, उंचीचं अक्षर आणि पँटची कंबर: तयार सूट घेताना

लग्नसराईत आपल्याकडचे नवरदेव सूट घ्यायला यवतमाळ, वर्धा नाही तर थेट नागपूर गाठतात. कोट छान बसतो, पँट मात्र कमरेवरून घसरते. असं का होतं, ते कोटाच्या लेबलवरूनच कळतं.

आधी छाती मोजा. फीत काखेखालून, पाठीच्या फळ्यांवरून आणि छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून सरळ फिरवा. मोजायला दुसरा माणूस घ्या, कारण स्वतः मोजताना हात उचलले जातात आणि माप चुकतं. छाती ३८ इंच भरली तर कोट ३८ नंबरचा. हे माप अंगाचं आहे, कोट त्याहून सैलच शिवलेला असतो. म्हणून "आत जाकीट घालायचं आहे" म्हणत वरचा नंबर घेऊ नका, खांदे लोंबतील आणि खांदे दुरुस्त करणं फार अवघड काम. लेबलवर ४८ दिसलं तर ते युरोपातलं माप, त्यातून १० वजा करा.

नंबरापुढचं इंग्रजी अक्षर उंचीचं. एस म्हणजे शॉर्ट, साधारण ५ फूट ७ इंचांपर्यंत. आर म्हणजे रेग्युलर, ५ फूट ८ ते ११. त्यावर एल, म्हणजे लाँग. कंपनीनुसार इंचभर फरक पडतो. शॉर्टमध्ये बाह्या, खिसे आणि बटणंही त्या उंचीच्या हिशेबानं वर घेतलेली असतात. म्हणून रेग्युलर कोट खालून कापून शॉर्ट होत नाही, खिसे काठाला टेकतात.

आता पँट. सूटसोबत येणाऱ्या पँटची कंबर बहुधा कोटाच्या नंबरापेक्षा ६ इंचांनी कमी असते. या फरकाला ड्रॉप म्हणतात. शेतात राबणाऱ्या एखाद्या पोट्ट्याचं उदाहरण घ्या: उंची ५ फूट ६, छाती ३८, कंबर २८. त्याचा कोट ३८ शॉर्ट, पण सोबतची पँट ३२ ची. टेलरनं ४ इंच आवळली तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांजवळ सरकतात आणि बूड विचित्र दिसतं. दोन इंचांपर्यंत आवळणं ठीक. म्हणून त्यानं ८ च्या ड्रॉपचा, बारीक कंबरेचा सूट मागावा. त्यात ३० ची पँट येते, ती सहज २८ होते. नाही मिळाला तर कोट आणि पँट वेगवेगळे विकणारं दुकान शोधावं.

पोट सुटलेल्या मामांची अडचण उलटी: छाती ४०, कंबर ३८, आणि पँट मिळते ३४ ची. चार इंच वाढवण्याइतकं कापड आत नसतंच. त्यांनीही पँट वेगळीच घ्यावी. एखाद-दीड इंचाचाच प्रश्न असेल, तर पैसे देण्याआधी पँट उलटी करून मागच्या मधल्या शिवणीत किती कापड दुमडलंय ते बघा. ते सगळं सोडता येत नाही, थोडं शिवणीपुरतं राखावंच लागतं.