ताईची माफी मागितली, ती दुसऱ्या खेपेला

आईची खोली खाली हलवायची की नाही, यावर शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात वाद झाला. मी ताईला म्हणालो, "तुझं लग्न झालंय, या घरात आता तुझं काय आहे?" आई, माझी बायको आणि ताईचा मुलगा समोरच होते. ताईनं पिशवी उचलली आणि गडहिंग्लजची एसटी धरली.

रात्री मी मेसेज टाकला: "वाईट वाटलं असेल तर सॉरी, पण तूही आवाज चढवलास." दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. चार दिवसांनी तो पुन्हा वाचला तेव्हा चूक दिसली. "असेल तर" म्हणून मी तिच्या दुखण्यावरच शंका घेतली होती आणि "पण" म्हणून अर्धा दोष तिच्यावर ढकलला होता. जे बोललो त्याचा तर उल्लेखच नव्हता.

रविवारी तिच्या घरी गेलो. चहाच्या आधीच, भाच्याला थांबवून बोललो. त्यानं ऐकलं होतं, म्हणून माफीही त्याच्यासमोरच. "ताई, 'या घरात तुझं काय आहे' हे मी बोललो. ते खोटं होतं. घर जितकं माझं, तितकंच तुझं. माझं चुकलं." खोलीचा विषय मुद्दाम काढला नाही, नाहीतर माफी म्हणजे सौदा वाटला असता.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा असते तर बोलला असतास का?" मी "नाही" म्हणालो आणि गप्प बसलो.

अजून ती पूर्वीसारखी रोज फोन करत नाही. परवा मात्र तिनंच विचारलं, "आईच्या खोलीचं काय ठरलं?"